जपान-कोरियाचं भांडण आणि दोन सिद्धान्तांची परीक्षा

१ जुलै २०१९ रोजी जपानच्या अर्थ, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने एक छोटंसं पत्रक काढलं. दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीन वस्तूंसाठी ४ जुलैपासून प्रत्येक सौद्यामागे वेगळा परवाना घ्यावा लागेल, असं त्यात म्हटलं होतं. तोवर जपानी कंपन्यांना एकदाच तीन वर्षांचा सरसकट परवाना मिळत असे आणि मग माल बिनबोभाट जात असे. आता प्रत्येक खेपेचे कागद तपासले जाणार होते आणि त्याला ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकणार होता. निर्यातबंदी नव्हती, आयातशुल्क नव्हतं, दंडही नव्हता. पण त्या तीन वस्तूंची नावं वाचताच सोलमध्ये धावपळ उडाली. हायड्रोजन फ्लोराइड, फोटोरेझिस्ट आणि फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड. पहिल्या दोन वस्तूंशिवाय संगणकाची चिप बनत नाही, तिसरी मोबाइलच्या घडी होणाऱ्या पडद्यासाठी लागते.

या पत्रकाच्या दोनच दिवस आधी ओसाकात जी-२० देशांची शिखर परिषद झाली होती आणि यजमान म्हणून जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी खुल्या व्यापाराचा पुरस्कार केला होता.

दोन शेजारी देशांमधला व्यापारवाद वास्तववाद आणि उदारमतवाद या सिद्धान्तांच्या आधारे तपासा, अशा धाटणीचा प्रश्न आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विद्यार्थ्यांना हमखास भेटतो. त्याची उत्तरंही ठरलेली असतात. दोन पानं वास्तववाद, दोन पानं उदारमतवाद आणि शेवटी ‘दोन्ही सिद्धान्तांत काही प्रमाणात तथ्य आहे’ असा निरुपद्रवी समारोप. अशा निबंधातली देशांची नावं खोडून दुसरी घातली तरी काही बिघडत नाही. तो निबंध फसला आहे, हे ओळखण्याची तीच खूण. घडून गेलेली कोणतीही गोष्ट कोणत्याही सिद्धान्तात बसवून दाखवता येते. म्हणून सिद्धान्ताला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तू खरा असशील, तर काय घडायला हवं होतं आणि काय घडता कामा नये होतं? जपान-कोरियाचा वाद या परीक्षेसाठी फार सोयीचा आहे, कारण तो २०१९ मध्ये पेटला, २०२३ मध्ये मिटला आणि या काळातल्या बहुतेक गोष्टींच्या तारखा आपल्याजवळ आहेत.

भांडणाचं मूळ

जपानने १९१० ते १९४५ अशी ३५ वर्षं कोरियावर राज्य केलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाखो कोरियन माणसांना जपानच्या कारखान्यांत आणि खाणींत राबवून घेतलं गेलं. १९६५ मध्ये दोन्ही देशांनी संबंध पूर्ववत करण्याचा करार केला. त्याबरोबर जपानने ३० कोटी डॉलरचं अनुदान आणि २० कोटी डॉलरचं कर्ज दिलं आणि परस्परांवरचे सगळे दावे पूर्णपणे आणि कायमचे निकाली निघाले, असं कलम करारात आलं. कोरियातल्या लष्करी राजवटीने ते पैसे पोलाद कारखाना, रस्ते अशा कामांना लावले. राबलेल्या माणसांच्या हाती त्यातलं फारसं काही आलं नाही.

३० ऑक्टोबर २०१८ रोजी दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्या करारामुळे देशांमधले हिशेब मिटले असतील, पण बेकायदा वसाहती राजवटीत झालेल्या छळाबद्दल भरपाई मागण्याचा माणसाचा हक्क संपलेला नाही. निप्पॉन स्टील अँड सुमितोमो मेटल या कंपनीने चार फिर्यादींना प्रत्येकी १० कोटी वॉन, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे ८८ हजार डॉलर, द्यावेत असा आदेश झाला. निकालाच्या दिवशी चौघांपैकी एकच जण हयात होता आणि त्याचं वय होतं ९४. महिनाभराने मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजविरुद्धही तसाच निकाल आला.

जपानच्या दृष्टीने हा करारभंग होता. कंपन्यांनी पैसे दिले नाहीत आणि मग फिर्यादींनी त्यांची कोरियातली मालमत्ता जप्त करण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. १९६५ च्या करारात वाद लवादाकडे नेण्याची तरतूद होती. जपानने तशी मागणी केली, पण सोलने प्रतिसाद दिला नाही. त्यानंतर ते पत्रक आलं. जपानने अधिकृत कारण सांगितलं ते सुरक्षेचं: कोरियाच्या निर्यात नियंत्रणात ढिलाई आहे आणि विश्वास उरलेला नाही. हायड्रोजन फ्लोराइड रासायनिक अस्त्रांसाठीही वापरता येतं, हे खरं आहे. पण मंत्री हिरोशिगे सेको यांनी निर्णयाची पार्श्वभूमी सांगताना वेठबिगार कामगारांच्या प्रश्नावर समाधानकारक तोडगा न निघाल्याचा उल्लेख स्वतःच केला होता. त्यामुळे सुरक्षेचं कारण सोलमध्ये कुणालाच पटलं नाही.

वास्तववादी काय म्हणेल?

हान्स मॉर्गेनथाऊ, केनेथ वॉल्ट्झ यांच्यासारख्या वास्तववादी अभ्यासकांचा पाया असा, की देशांच्या वर दाद मागायला कुणी सरकार नाही. प्रत्येकाला आपलं आपण बघावं लागतं. म्हणून देश व्यापारातही ‘मला किती मिळालं’ यापेक्षा ‘त्याला माझ्यापेक्षा जास्त तर मिळालं नाही ना’ हे बघतात. व्यापार म्हणजे सत्तेचंच एक साधन. यातला सगळ्यात उपयोगी विचार अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९४५ च्या आपल्या पुस्तकात मांडला होता. दोन देशांमधला व्यापार दोघांच्याही फायद्याचा असला, तरी तो तुटल्यावर दोघांचं नुकसान सारखं होत नाही. ज्याचं नुकसान कमी, त्याच्या हाती सत्ता. गावाबाहेरच्या गृहसंकुलाला पाणी पुरवणारा टँकर एकाच माणसाचा असेल, तर पैसे दोन्हीकडून फिरतात. पण भांडण झाल्यावर कुणाचा घसा कोरडा पडणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

यावरून वास्तववादाची तीन भाकितं मांडता येतात. पहिलं, जपान अशाच जागी बोट ठेवेल जिथे कोरियाला खूप दुखेल आणि जपानला कमी. दुसरं, कोरिया महाग पडलं तरी ते अवलंबित्व तोडायला लागेल. तिसरं, आंतरराष्ट्रीय नियम कुणालाही अडवणार नाहीत, ते फक्त युक्तिवादाला उपयोगी पडतील.

पहिलं भाकीत जवळजवळ तंतोतंत उतरतं. फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड आणि फोटोरेझिस्ट यांच्या जागतिक उत्पादनात जपानचा वाटा ९० टक्क्यांच्या आसपास, तर हायड्रोजन फ्लोराइडमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास असल्याचे आकडे तेव्हा सर्वत्र दिले जात होते. सॅमसंग आणि एसके हायनिक्स या दोन कोरियन कंपन्या जगातल्या डीरॅम मेमरी चिपपैकी सुमारे ७० टक्के बनवत होत्या आणि २०१८ मध्ये कोरियाच्या एकूण निर्यातीतला साधारण पाचवा हिस्सा चिपचा होता. जपानसाठी मात्र या तीन वस्तूंची विक्री एकूण निर्यातीत नगण्य होती. मोटारी, पोलाद, यंत्रं असं बरंच काही जपान कोरियाला विकत होता आणि १९६५ पासून दरवर्षी या व्यापारात जपानचीच बाजू वरचढ राहिली होती. त्यातल्या मोठ्या मालाला हात न लावता नेमक्या या तीन वस्तू निवडणं, ही हर्शमनच्या विचाराची उघड अंमलबजावणी होती.

पण इथेच थांबलं, तर निबंध अर्धाच राहतो. वास्तववादाने काय घडू नये म्हटलं असतं, तेही बघायला हवं. दोन्ही देशांचा सुरक्षेचा भार अमेरिकेवर आहे. दोघांनाही उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांचा धोका आहे आणि दोघांच्याही शेजारी बलाढ्य होत चाललेला चीन आहे. समान शत्रू असलेले देश एकमेकांना धरून राहतात, हे वास्तववादाचं बाळकडू. प्रत्यक्षात उत्तर कोरियाने मे २०१९ पासून पुन्हा क्षेपणास्त्रं डागायला सुरुवात केली होती आणि त्याच उन्हाळ्यात हे दोघे भांडले. नुसते व्यापारात नाही. २२ ऑगस्टला सोलने लष्करी माहितीची देवाणघेवाण करण्याचा, २०१६ चा करार मोडत असल्याचं जाहीर केलं. उत्तर कोरियाचं क्षेपणास्त्र उडालं तर एकमेकांना कळवण्यासाठीचा हा करार. तो मोडण्यात कोरियाचा सामरिक फायदा काहीच नव्हता.

भांडणाची ठिणगीही वास्तववादाच्या यादीत सापडत नाही. ती ना सीमेवर पडली, ना सैन्याच्या जमवाजमवीत. ती पडली नव्वदीतल्या माणसांच्या मजुरीच्या दाव्यातून, एका स्वतंत्र न्यायालयात. देश म्हणजे आतून बंद असलेली, बाहेरून सारखीच वागणारी एक वस्तू असं मानणाऱ्या वॉल्ट्झच्या मांडणीत या न्यायालयाला जागाच नाही.

उदारमतवादी काय म्हणेल?

उदारमतवादाचं नाव घेतलं की विद्यार्थी ‘व्यापाराने शांतता नांदते’ एवढं एकच वाक्य लिहितात आणि मग ते वाक्य खोटं ठरलं म्हणून उदारमतवाद हरला, असा निकाल देतात. पण या घराण्यात निदान तीन वेगळे विचार आहेत आणि त्यांची परीक्षा वेगवेगळी घ्यावी लागते. एक, व्यापाराने भांडण महाग होतं. दोन, संस्था आणि नियमांमुळे भांडण काबूत राहतं. तीन, देशाला काय हवं हे सत्तेच्या गणितातून नाही, तर देशाच्या आतल्या समाजातून ठरतं. हा तिसरा विचार अँड्र्यू मोराव्हचिक यांनी १९९७ मध्ये नेटकेपणाने मांडला.

पहिला विचार घेऊ. २०१८ मध्ये दोन्ही देशांमधला व्यापार सुमारे ८५ अब्ज डॉलरचा होता. एवढा व्यापार असूनही भांडण झालं, हे खरंच आहे. तरी ते कुठवर गेलं ते बघा. जपानने एकही वस्तू बंद केली नाही. ऑगस्टच्या सुरुवातीलाच फोटोरेझिस्टच्या एका खेपेला परवाना मिळाला. पुढेही परवाने मिळत राहिले आणि कोरियातल्या चिप कारखान्यांचं उत्पादन या कारणाने थांबलं नाही. चिप बंद पडल्या असत्या, तर त्या चिप वापरणाऱ्या जपानी कंपन्यांनाही फटका बसला असता. म्हणजे व्यापाराने भांडण टळलं नाही, पण त्याला कुंपण घातलं.

दुसरा विचार संस्थांचा. त्याची कामगिरी मध्यम. कोरियाने ११ सप्टेंबर २०१९ रोजी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. परवान्याची अट ही निर्यातीवरची छुपी मर्यादा आहे आणि एकाच देशाला वेगळी वागणूक देता येत नाही, असा तिचा रोख होता. जपानचा बचाव राष्ट्रीय सुरक्षेच्या अपवादावर, म्हणजे गॅट कराराच्या २१ व्या कलमावर उभा होता. चौकशी मंडळ नेमलं गेलं ते जुलै २०२० मध्ये. तोवर संघटनेचं अपील मंडळच बंद पडलं होतं. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ मध्ये त्यात सुनावणीपुरते सदस्य उरले नव्हते. या तक्रारीचा निकाल कधी लागलाच नाही. वास्तववादाचं तिसरं भाकीत इथे बरंचसं खरं ठरतं. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. दोन्ही देश शेवटपर्यंत नियमांच्या भाषेतच भांडले. जपानने ‘आम्ही शिक्षा करतोय’ असं अधिकृतपणे कधीच म्हटलं नाही, कारण तसं म्हटलं असतं तर २१ व्या कलमाचा आधार गेला असता. परवाने मिळत राहण्यामागेही हे एक कारण असणार. सगळे परवाने अडवले असते, तर ती उघड निर्यातबंदी ठरली असती.

तिसरा विचार, देशाच्या आतल्या समाजाचा, इथे सर्वात जास्त प्रकाश पाडतो. कोरियातलं न्यायालय सरकारच्या सोयीने चाललं नाही. अध्यक्ष मून जे-इन यांचा पक्ष आणि त्यांचे मतदार या इतिहासाबद्दल हळवे होते, त्यामुळे निकालातून पळवाट काढणं त्यांना राजकीयदृष्ट्या परवडणारं नव्हतं. जपानमध्ये २१ जुलैला वरिष्ठ सभागृहाची निवडणूक होती. कोरियापुढे नमतं घेणं आबेंच्या पाठीराख्यांना रुचणारं नव्हतं. २ ऑगस्टला जपानने कोरियाला निर्यातीत सवलत मिळणाऱ्या विश्वासू देशांच्या यादीतूनच काढलं. त्या २७ देशांच्या यादीतून बाहेर काढला गेलेला कोरिया हा पहिलाच देश. सप्टेंबरमध्ये कोरियानेही जपानला आपल्या यादीतून काढलं.

मग कोरियन ग्राहकांनी भांडण आपल्या हाती घेतलं. जपानी कपडे, मोटारी आणि बिअर यांच्यावर बहिष्कार पडला. सुपरमार्केटच्या फडताळांवरून असाही बिअर उतरवली गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये जपानच्या सीमाशुल्क आकडेवारीत कोरियाला झालेली बिअरची निर्यात शून्य होती. वर्षभरापूर्वी त्याच महिन्यात ती सुमारे ८० कोटी येनची होती. त्याच महिन्यात जपानला जाणारे कोरियन पर्यटक निम्म्याहून खूप कमी झाले. त्सुशिमा हे बेट कोरियाच्या किनाऱ्यापासून जेमतेम ५० किलोमीटरवर आहे आणि तिथली हॉटेलं, दुकानं कोरियन पाहुण्यांवरच चालतात. चिपच्या भांडणाशी काडीचा संबंध नसलेल्या त्या बेटावर मंदी आली. हे कुठल्याही सरकारने ठरवलेलं नव्हतं. सरकारं सोडून दुसरं कुणी खेळाडूच नाही, असं मानणाऱ्या सिद्धान्ताला ही गोष्ट दिसतच नाही.

एका रसायनाची गोष्ट

दोन्ही सिद्धान्त जिथे एकमेकांना भिडतात, ती जागा म्हणजे हायड्रोजन फ्लोराइड. सिलिकॉनच्या चकतीवरचा ऑक्साइडचा थर कोरण्यासाठी आणि चकती धुण्यासाठी ते लागतं. साधं हायड्रोजन फ्लोराइड अनेक देश बनवतात. चिपसाठी मात्र ते इतकं शुद्ध लागतं, की शुद्धतेचा आकडा लिहिताना ९९ नंतर दशांश चिन्ह देऊन नवांची रांग लावावी लागते. त्यात धातूचा अंश किंचित जरी राहिला तरी चकत्यांची अख्खी खेप वाया जाते. ते जहाल आणि दाहक आहे, त्यामुळे त्याचा मोठा साठा करून ठेवता येत नाही. स्टेला केमिफा आणि मोरिता केमिकल या जपानी कंपन्यांचा या कामात हातखंडा होता. नवा पुरवठादार धरायचा, तर त्याचा माल महिनोन्‌महिने तपासून, चाचणीच्या चकत्या बनवून बघावा लागतो.

रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय या उदारमतवादी अभ्यासकांनी १९७७ मध्ये एक भेद दाखवला होता, तो इथे कामाला येतो. शेजाऱ्याने काही केल्यावर आपल्याला लगेच किती झळ बसते, ही एक गोष्ट. आणि आपण आपलं धोरण बदलून, दुसरीकडून माल आणून, थोडा खर्च सोसल्यावरही किती झळ उरते, ही दुसरी गोष्ट. खरी सत्ता दुसऱ्या गोष्टीतून येते. जुलै २०१९ मध्ये सगळ्यांनी कोरियाची पहिली झळ मोजली आणि तिलाच दुसरी समजलं.

पुढे काय झालं? सोलब्रेन या कोरियन कंपनीने अतिशुद्ध द्रवरूप हायड्रोजन फ्लोराइडचं उत्पादन वाढवलं आणि एसके उद्योगसमूहातल्या कंपनीने वायुरूपाचं उत्पादन सुरू केलं. कोरियन सरकारने सुटे भाग, कच्चा माल आणि यंत्रसामग्री देशात बनवण्यासाठी मोठा निधी दिला. सर्वात नाजूक फोटोरेझिस्ट बेल्जियममधून आलं, आणि तेही एका जपानी कंपनीच्या भागीदारीतल्या कारखान्यातून! अमेरिकेच्या ड्यूपाँटने जानेवारी २०२० मध्ये कोरियात २ कोटी ८० लाख डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. जपानहून येणारं हायड्रोजन फ्लोराइड खूपच घटलं आणि त्याचा फटका बसला तो जपानी उत्पादकांच्या विक्रीला. फोटोरेझिस्टचं अवलंबित्व मात्र तेवढं सुटलं नाही. त्यामागे दशकांचं रसायनशास्त्र आहे, ते एका निधीतून उभं राहत नाही.

म्हणजे वास्तववादाचं दुसरं भाकीत खरं ठरलं, कोरियाने पैसा ओतून अवलंबित्व कमी केलं. पण ते खरं ठरल्यामुळेच पहिल्या भाकितामागचा हिशेब उलटला. टँकरवाल्याने एक दिवस खेप चुकवली की संकुलातले लोक बोअरवेलची निविदा काढतात. जपानचं हत्यार म्यानात होतं तोवर त्याची किंमत होती. उपसल्यावर ती कमी होऊ लागली. योगायोग असा, की हेन्री फॅरेल आणि अब्राहम न्यूमन यांचा ‘परस्परावलंबनाचं शस्त्र’ ही कल्पना मांडणारा गाजलेला लेख २०१९ च्या त्याच उन्हाळ्यात प्रसिद्ध झाला. व्यापाराच्या जाळ्यातल्या मोक्याच्या गाठी ज्याच्या ताब्यात, त्याला इतरांची कोंडी करता येते, असं त्यांनी दाखवलं. हायड्रोजन फ्लोराइड आणि फोटोरेझिस्ट यांची तुलना त्यात एक पुरवणी जोडते: जी गाठ पैशाने आणि दोन-तीन वर्षांत सुटते, तिच्यावरची सत्ता एकदाच वापरता येते.

भांडण मिटलं कशामुळे?

आतापर्यंत सिद्धान्तांना भांडण का झालं ते विचारलं. निबंधाचा कस लागतो तो पुढच्या प्रश्नावर. मार्च २०२२ मध्ये कोरियात यून सुक-योल अध्यक्षपदी निवडून आले. ६ मार्च २०२३ रोजी त्यांच्या सरकारने तोडगा जाहीर केला: फिर्यादींची भरपाई जपानी कंपन्यांनी नाही, तर कोरियातल्या एका प्रतिष्ठानने द्यायची आणि त्यासाठी कोरियन कंपन्यांनी देणग्या द्यायच्या. १९६५ च्या पैशांतून उभ्या राहिलेल्या पोस्को या पोलाद कंपनीने देणगी दिली. १६ मार्चला यून टोकियोला गेले. २३ मार्चला जपानने तिन्ही वस्तूंवरची अट काढली आणि त्याच दिवशी कोरियाने व्यापार संघटनेतली तक्रार मागे घेतली. जुलैपर्यंत दोघेही एकमेकांच्या विश्वासू यादीत परतले.

जे बदललंच नाही, ते बदलाचं कारण असू शकत नाही, ही इथली कसोटी. देशांच्या वर सरकार नाही, ही गोष्ट २०१९ मध्येही खरी होती आणि २०२३ मध्येही. तेव्हा ‘अराजक जग’ एवढं म्हणून वास्तववाद्याची सुटका होत नाही. तो म्हणेल, धोका वाढला. २०२२ मध्ये उत्तर कोरियाने विक्रमी संख्येने क्षेपणास्त्रं डागली आणि रशियाने युक्रेनवर हल्ला केला. उदारमतवादी म्हणेल, सरकार बदललं आणि नव्या सरकारच्या मतदारांना हा इतिहास तेवढा बोचत नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच काळात बदलल्या, म्हणून फक्त २०२३ बघून निकाल देता येत नाही.

पण आणखी दोन पुरावे आहेत. पहिला, मार्च २०२३ मधल्या गॅलप कोरियाच्या पाहणीत सुमारे ६० टक्के कोरियन लोकांचा या तोडग्याला विरोध होता. लोकमत सरकारला ढकलतं हा सोपा हिशेब इथे बसत नाही. अध्यक्षांनी लोकमताची किंमत मोजून सुरक्षेचं गणित निवडलं. हा गुण वास्तववादाचा. दुसरा पुरावा त्याहून बोलका आहे. यून यांनी डिसेंबर २०२४ मध्ये मार्शल लॉ पुकारला, त्यांच्यावर महाभियोग झाला आणि जून २०२५ मध्ये ली जे-म्युंग अध्यक्ष झाले. विरोधी पक्षनेते असताना याच लींनी त्या तोडग्यावर कडाडून टीका केली होती. सगळं काही पक्ष आणि मतदारांवर ठरत असेल, तर आता समेट मोडायला हवा होता. तसं झालं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ली वॉशिंग्टनला जाण्याआधी टोकियोला गेले आणि जुने समझोते कायम ठेवण्याचीच भाषा त्यांनी केली. डोनाल्ड ट्रम्प यांच्या आयातशुल्काची टांगती तलवार दोघांच्याही डोक्यावर होती.

२०१९ मध्येही सरतेशेवटी असंच घडलं होतं. लष्करी माहितीचा करार संपायला काही तास उरले असताना, २२ नोव्हेंबरला, अमेरिकेच्या दबावाखाली सोलने तो मोडण्याचा निर्णय स्थगित केला. घरच्या राजकारणाने भांडण त्या काठापर्यंत नेलं. काठावरून मागे खेचलं ते बाहेरच्या सत्तारचनेने.

या प्रकरणावरच्या निबंधाचा समारोप ‘दोन्हीत थोडं तथ्य’ असा राहत नाही. तो असा होतो: भांडण कधी आणि कशावरून सुरू झालं, हे उदारमतवादाच्या तिसऱ्या, समाजातून राजकारणाकडे बघणाऱ्या विचाराने कळतं. कोणतं हत्यार निवडलं गेलं आणि भांडण किती ताणता येईल, हे वास्तववादाने कळतं. ते हत्यार लवकर बोथट का झालं, हे कोहेन आणि नाय यांच्या भेदाने कळतं. आणि व्यापाराने आपोआप शांतता येते किंवा समान शत्रू असला की शेजारी भांडत नाहीत, ही दोन लोकप्रिय वाक्यं या प्रकरणात टिकत नाहीत. असा समारोप चूकही ठरू शकतो, आणि तेच त्याचं बळ. उद्या एखाद्या कोरियन सरकारने धोका कायम असताना समेट मोडला, तर वास्तववादाला दिलेले गुण काढून घ्यावे लागतील. कोणत्या घटनेने आपलं उत्तर बदलेल, हे ज्या निबंधात सांगता येतं, त्यात सिद्धान्त खरोखर वापरलेला असतो.